आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ

ती. आबा, साष्टांग नमस्कार.

गाडी घ्यायची ठरवली आहे, जुनीच. इथे हडपसरला एका डीलरकडे मार्च २०१७ ची पेट्रोल बलेनो बघितली. पासिंग आपल्या कोल्हापूरचंच, एमएच ०९. मालक एकच, ४२ हजार रनिंग, आतून-बाहेरून नव्यासारखी चकचकीत. ४ लाख १० हजार सांगतोय, तशाच दुसऱ्या गाड्यांना पावणेपाच लाख मागतात. विमा चालू आहे, पॉलिसीचा फोटो सोबत पाठवलाय, त्यावर नो क्लेम बोनस ३५ टक्के आहे. डीलर म्हणतो, रविवारपर्यंत दहा हजार टोकन द्या, नाहीतर गाडी जाईल. इंजिनाचा आवाज मला तरी चांगला वाटला. देऊ का टोकन? आणि गाडी बघताना नक्की काय बघू?

*

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

टोकन आत्ता देऊ नकोस. गाडी वाईटच आहे असं मी म्हणत नाही, पण तू इंजिनाचा आवाज ऐकून आलास आणि मला त्या पॉलिसीच्या फोटोने विचारात पाडलंय. या गाडीचं इंजिन नंतर बघू. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: ही गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. फोटोत ३५ टक्के लिहिलंय आणि पॉलिसी मार्च २०२५ पासूनची आहे. नो क्लेम बोनस कसा चढतो ते बघ. एक वर्ष क्लेम न घेता गेलं की २० टक्के, दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, मग ४५ आणि शेवटी ५०. त्याच्या वर जात नाही. मध्ये एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला आकडा शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून चढतो. ही गाडी २०१७ ची, मालक एकच. त्याने कधीच क्लेम घेतला नसता, तर २०२२ लाच तो ५० वर पोचला असता आणि आजही तिथेच असता. आता उलटं मोज. मार्च २०२५ ला ३५, म्हणजे मार्च २०२४ ला २५, मार्च २०२३ ला २० आणि मार्च २०२२ ला शून्य. म्हणजे मार्च २०२१ ते मार्च २०२२ या वर्षात क्लेम झालाय, आणि त्याच वर्षाच्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत, दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, हे तुला माहीत आहेच.

यावरून गाडी बुडालीच असं सिद्ध होत नाही. त्या वर्षात कुणी मागून ठोकली असेल आणि डिकी-बंपरचा क्लेम घेतला असेल, तरीही आकडा असाच दिसेल. विमा संपून नव्वद दिवसांच्या वर गेले तरी बोनस जातो. आणखी एक गोष्ट गाडीच्या बाजूने आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर जायला लागला की कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि ती पॉलिसी तिथे संपते. इथे पॉलिसी दरवर्षी पुढे चालू राहिलेली दिसते. म्हणजे क्लेम दुरुस्तीचा असावा. तो कशाचा होता, एवढं आपल्याला शोधायचंय.

त्यासाठी डीलरकडे दोन गोष्टी माग. एक, मालकाकडच्या जुन्या पॉलिसी, निदान २०२१ आणि २०२२ च्या. दुसरी जास्त महत्त्वाची: कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी. गाडीच्या नंबरावर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळी नोंद असते, मालकाने मागितली की प्रिंट मिळते. त्यात २०२१ चा ऑगस्ट-सप्टेंबर काढ. तिथे बंपर, हेडलाइट, फेंडर अशी नावं असतील तर काळजी कमी. पण कार्पेट, सीट, वायरिंग हार्नेस, एअरबॅगचं मॉड्युल, एसीचा ब्लोअर अशी नावं एकाच बिलात दिसली, तर पुढे काही बघायला जाऊ नकोस. आणि डीलर म्हणाला की हिस्टरी मिळत नाही, मालक परदेशात आहे, वगैरे, तर ती प्रिंट समोर येईपर्यंत पैशाची बोलणी थांबव. आरसीवरचा पत्ताही मला कळव. मी इथे आहेच. शाहूपुरीतल्या कुठल्या गल्लीत पाणी गुडघ्याएवढं होतं आणि दुधाळीकडे कुठवर चढलं, ते मला विचारत फिरावं लागणार नाही.

आता तू म्हणशील, आबा, पाण्यात गेली तर गेली, दुरुस्त केली असेल ना. म्हणून मी बुडालेल्या गाडीला एवढा का भितो ते सांगतो. इंजिन ही दुरुस्त होणारी वस्तू आहे. रिंग घासल्या, नव्या टाकता येतात. हेड गॅस्केट गेलं, बदलता येतं. गिअरबॉक्स उतरवता येतो. त्याचा खर्च आधी सांगता येतो आणि काम झालं की ते संपतं. वायरिंगचं तसं नाही. गाडीतली वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची वेणी असते, वरून प्लास्टिक. कनेक्टर पाण्यात बुडाला की पाणी त्या बारीक तारांमधून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. बाहेरून वायर कोरडी, स्वच्छ दिसते; आत तांबं हळूहळू हिरवं पडत जातं. मिस्त्री कनेक्टर उघडतो, स्प्रे मारतो, पुसतो, गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. सहा-आठ महिन्यांनी त्याच वायरीत वीतभर आत करंट अडायला लागतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात उद्यमनगरात माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. गिऱ्हाईक निपाणीकडचा, सरळ माणूस, गाडी त्याने लांबच्या शहरातल्या एका डीलरकडून घेतलेली. पावसाळ्यानंतरचा हिवाळा गाडी झकास चालली. मग डाव्या बाजूची काच अधूनमधून खाली जायची बंद झाली. नंतर सेंट्रल लॉक आपोआप पडायला लागलं. मग एक दिवस हायवेवर इंजिन बंद पडलं आणि दहा मिनिटांनी काही न करता चालू झालं. माझ्याकडे येण्याआधी दोघांनी फ्युएल पंप बदलून बघितला होता. मी ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळचं बाजूचं प्लास्टिक काढलं. तिथे पुढून येणाऱ्या वायरींचा मोठा कनेक्टर होता. वरून स्वच्छ पुसलेला, त्यावर स्प्रेचा चिकटपणा. एक पिन काढून वायर सोलत गेलो, तर चार बोटं आत तांबं काळं-हिरवं, नखाने दाबलं की भुगा होत होता. त्या जागच्या वायरी कापून नव्या जोडल्या, इंजिन बंद पडायचं थांबलं. दोन महिन्यांत गाडी परत, आता उजव्या मागच्या दाराची तक्रार. शेवटी आतला सगळा हार्नेस बदलावा लागला आणि त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागला. तुझी गाडी पासष्ट हजारांनी स्वस्त मिळतेय. त्या माणसाचा त्याहून जास्त खर्च झाला, आणि वर्षभर गाडीवर भरवसा राहिला नाही तो वेगळाच.

तेव्हा आता बघायचं कसं ते नीट वाच. शनिवारी सकाळी लवकर जा, उजेड पडल्यावर. पाऊस असेल तर जाऊ नकोस, ओल्या गाडीत काही कळत नाही. बरोबर चांगली बॅटरी, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि जुना पांढरा रुमाल घे. डीलरला सांग, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. याचं कारण पुढे सांगतो.

दार उघडून आत बसलास की काचा बंद कर आणि पाच मिनिटं नुसता बसून राहा. सेंटची बाटली लटकत असेल तर ती बाहेर ठेवायला सांग. नंतर गाडी चालू झाल्यावर एसी आतली हवा फिरवण्यावर ठेव आणि पुन्हा वास घे. गाळ ब्लोअरच्या घरात आणि कार्पेटखालच्या नमद्यात बसलेला असतो, त्याचा कुबट वास शॅम्पूने जात नाही, दबतो फक्त.

मग सीटबेल्ट. ड्रायव्हरचा पट्टा धर आणि थांबेल तिथपर्यंत पूर्ण बाहेर ओढ. रोजच्या वापरात पट्ट्याचा शेवटचा भाग गुंडाळीतच राहतो, बाहेर कधी येत नाही, आणि ती गुंडाळी दाराच्या मधल्या खांबात अगदी खाली, जमिनीलगत असते. गाडी धुणारा सीट धुतो, कार्पेट धुतो, छत पुसतो. पट्टा शेवटपर्यंत ओढून धुणारा मी फारसा पाहिला नाही. त्या शेवटच्या वीत-दोन वीत भागावर आडवी डागाची रेघ दिसते का बघ. रुमाल थोडा ओला करून तिथे घास. साधी धूळ राखाडी लागते आणि एकदोनदा पुसल्यावर संपते. गाळ काळपट-तपकिरी येतो आणि येतच राहतो, कारण तो विणीत बसलेला असतो. चारही पट्ट्यांचं असं कर. एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा नवा वाटला तर त्याच्या खालच्या टोकाला शिवलेलं लेबल वाच, त्यावर बनवल्याची तारीख असते. २०१७ च्या गाडीत २०२१ चा पट्टा असेल, तर तो का बदलला हे विचारायचं.

त्यानंतर दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी. ती क्लिपांवर बसते, स्क्रू ड्रायव्हरने हलक्या हाताने उचलली की निघते. डीलरला विचारून कर. चांगली गाडी असेल तर तो नाही म्हणत नाही. पट्टीखाली कार्पेटची कड मिळेल, ती वर उचल. खाली जाड नमदा असतो, तो पत्र्यावर बसलेला. त्यात बोट खुपसून बघ, ओल लागते का, बारीक माती हाताला येते का. पत्र्याला जिथे घड्या आहेत आणि पाणी निचऱ्याच्या भोकांना रबरी बुचं आहेत, तिथे गाळ साचून वाळलेला राहतो, कारण तिथे प्रेशरचं पाणी पोचत नाही. त्याच जागी सीटच्या रुळाचे बोल्ट बघ. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो. पाना लागला की कडा उडतात. बोल्ट खोललेले असले म्हणजे गाडी बुडालीच असं नाही, आतून सखोल सफाई करणारेही सीट काढतात. पण सीट काढलेली, बोल्टला गंज आणि खाली माती, ही तिन्ही एकत्र आली तर मग शंका उरत नाही.

आता जरा कपडे मळतील. ड्रायव्हरच्या दारातून आत उताणा झोप आणि डोकं पेडलांपाशी ने. वर बॅटरी मार. क्लच-ब्रेकच्या पेडलांचे कंस, स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा, डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी पट्ट्या, हे सगळं बंद जागेत असतं. तिथे पाऊस लागत नाही. आठ वर्षांच्या गाडीत तिथे थोडा मळ असावा, लाल गंज असायचं कारण नाही. गंज एका ठराविक उंचीपर्यंत आणि त्याच्यावर स्वच्छ, असं दिसलं तर पाणी कुठवर होतं हेच तुला दिसतंय. मग फ्यूजबॉक्सचं झाकण काढ आणि खालच्या ओळीतला एखादा फ्यूज ओढून काढ. त्याचे पाय चांदीसारखे चकचकीत हवेत. त्यावर हिरवट पावडर किंवा पांढरा थर असेल तर गाडी तिथेच ठेवून घरी ये. फ्यूज त्याच खाचेत परत बसव, खाच चुकवू नकोस.

एअरबॅगचा दिवाही बघ. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, मीटरमध्ये एअरबॅगची लाल खूण पेटली पाहिजे आणि काही सेकंदांनी विझली पाहिजे. पेटून राहिली तर दोष आहे हे कुणालाही कळतं. पण पेटलीच नाही, तर लोक तिकडे लक्ष देत नाहीत, आणि तेच जास्त वाईट. याचा अर्थ कुणीतरी तो दिवाच बंद करून ठेवलाय. एअरबॅगचं मॉड्युल बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये, जमिनीलगत बसवलेलं असतं. आत घोट्याएवढं पाणी आलं की पहिल्यांदा तेच भिजतं. नवीन महाग पडतं म्हणून काही लोक दिवा मारून गाडी विकतात. आणि उद्या धडक बसली तर ती बॅग उघडत नाही. बाकी कुठल्याही दोषावर मी तुला घासाघीस करायला सांगेन, यावर नाही.

डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डा आणि जॅक बघ, बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचा खालचा कोपरा बघ. तिथे वाळलेला गाळ असेल तर पाणी इंजिनाच्या तोंडापर्यंत पोचलं होतं. हेडलाइटच्या आत आडवी रेघ असेल किंवा दोन्ही हेडलाइट कोरे आणि मागचे दिवे पिवळट जुने असतील, तर तेही लिहून ठेव.

इथवर सगळं स्वच्छ निघालं, तर मग इंजिन. गाडी गरम नको असं मी का म्हटलं? गरम इंजिन सगळे दोष झाकतं. बोनेटवर हात ठेव, गार लागलं पाहिजे. कोमट असेल तर तुझ्या येण्याआधी चालू करून ठेवली होती; कारण विचार आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडी पहिल्या सेल्फला उठली पाहिजे. तेव्हा तू आत बसू नकोस, मित्राला चावी दे आणि तू सायलेन्सरमागे उभा राहा. सकाळची पांढरी वाफ क्षणभर दिसते आणि जाते, ती ठीक. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट आत जातंय.

बुडालेल्या गाडीच्या इंजिनाचा एक खास दोष असतो, तो आवाजात सापडत नाही. पाण्यात उभी गाडी कुणी घाबरून सेल्फ मारून चालू करायला गेलं, तर सिलिंडरमध्ये पाणी ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळ वाकला तर इंजिन फुटतं. थोडाच वाकला तर इंजिन चालतं, बरंही वाटतं, पण तो पिस्टन आता पूर्ण वर येत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी पडतं. म्हणून तुझ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. आकडा नेमका किती आला यापेक्षा चारही जवळजवळ सारखे आहेत का ते बघ. तीन सारखे आणि एक दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी झालंय. ते व्हॉल्व्हचंही असू शकतं, रिंगचंही. पण तुझ्यासाठी तेवढं कळलं तरी पुरे.

त्याच्याकडे स्कॅनर असेल तर तोही लावायला सांग. नुसतं ‘एरर नाही’ एवढं ऐकून खूश होऊ नकोस, कारण एरर पुसता येतात. बऱ्याच स्कॅनरवर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली तो आकडाही दिसतो. तिथे हजारोंचा आकडा असेल तर उत्तम. वीस-तीस किलोमीटर दिसले, तर तुला दाखवण्याआधी कुणीतरी पुसलेत, किंवा बॅटरी काढली होती. कशासाठी, ते विचार.

रनिंगच्या ४२ हजारांवर मी फार वेळ घालवणार नाही. सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक वेळेचं किलोमीटर असतं, ते चढत्या क्रमाने आहे का तेवढं बघ. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ०६१७ म्हणजे २०१७ चा सहावा आठवडा. टायर २०१७ चेच असतील तर रनिंग खरं असू शकतं, पण आठ वर्षांचं रबर बदलावं लागेल, त्याचे पैसे किमतीतून कमी कर.

समजा, गाडी सगळ्यातून पार पडली. क्लेम बंपरचा निघाला, पट्टे स्वच्छ, फ्यूज चकचकीत, कॉम्प्रेशन सारखं. तर मग ४ लाख १० हजार ही किंमत चांगली आहे, फार ताणू नकोस. पैसे देताना कर्जाचा बोजा आहे का ते आरसीवर बघ. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडायची नाही. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही तुझ्यासमोर झाली तर सगळ्यात बरं, नाहीतर निदान त्याच्याशी फोनवर बोल आणि २०२१ चा क्लेम कशाचा होता हे त्यालाच सरळ विचार. डीलर टाळेल, मालक बहुधा सांगतो. प्रलंबित ई-चलान ट्रॅफिक पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघून घे.

विमा तुझ्या नावावर करायचा अर्ज गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत दे. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचं तुझ्या नावाची नोंद झाल्याशिवाय मिळत नाही. तो ३५ टक्के बोनस मालकाचा आहे, गाडीचा नाही. तो तुला मिळणार नाही आणि तेवढ्या हप्त्याचा फरक तुला भरावा लागेल, तो आत्ताच हिशेबात धर. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शन घे. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर कंपन्या बहुतेक वेळा हात वर करतात.

डीलरला आज एवढंच सांग: सर्व्हिस हिस्टरी दाखवा, शनिवारी सकाळी थंड गाडी दाखवा, पसंत पडली तर टोकन त्याच दिवशी. रविवारच्या आत गाडी गेली तर जाऊ दे, पुण्यात २०१७ च्या बलेनोंना तोटा नाही. शनिवारी मला तीन फोटो पाठव: पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागाचा, उंबऱ्याच्या पट्टीखालच्या पत्र्याचा आणि काढलेल्या फ्यूजचा. फ्यूजचा फोटो जवळून काढ, पाय नीट दिसले पाहिजेत. मी सकाळी फोन जवळच ठेवतो.

तुझा,
आबा